जाहिरातीचा पैसा कोणत्या शहरात लावायचा: आमचा शहरवार हिशेब

साताऱ्यात आमचा भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि कुळीथ पिठाचा धंदा आहे. भाजणं-दळणं, पाकिटं, माणसं हे सगळं वहिनी बघतात. जाहिराती, कुरिअर आणि हिशेब माझ्याकडे. ऑनलाइन ऑर्डरींसाठी महिन्याला साठेक हजार रुपये जाहिरातीवर जातात, काही गूगलवर आणि काही फेसबुक-इन्स्टाग्रामवर. हे पैसे मुंबई, पुणे, नागपूर, बंगळुरू, हैदराबाद असे जमेल तसे पसरलेले होते. वाढवायचे तर कुठे आणि काढायचे तर कुठून, हे ठरवण्यासाठी जानेवारी ते मार्च या तिमाहीचा शहरवार हिशेब काढायला घेतला. ऑक्टोबर-नोव्हेंबर मुद्दाम वगळले. दिवाळीत भेट म्हणून पाठवायची गिऱ्हाइकं इतकी येतात की त्यावरून वर्षभराचा अंदाज बांधता येत नाही.

जाहिरातीच्या स्क्रीनवर उत्तर तयारच होतं. दर ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च नागपूरला १२० रुपये, पुण्याला १४०, मुंबईला १९० आणि बंगळुरूला २००. वहिनींनी तो तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, मग नागपूरलाच वाढवा की. बंगळुरूला कशाला एवढे घालवता?" तक्ता तसाच वाचायचा तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पण आधी प्रश्न होता, 'शहर' म्हणजे नेमकं कोणाचं शहर? एका ऑर्डरीला तीन शहरं असू शकतात. जाहिरात पाहिली ते शहर, पैसे भरणाऱ्याचं शहर आणि पार्सल पोहोचलं ते शहर. वेबसाइटच्या आकडेवारीत, म्हणजे गूगल अॅनालिटिक्समध्ये, जे शहर दिसतं ते पाहणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून काढलेलं असतं. घरच्या वायफायवर ते बऱ्यापैकी जुळतं. मोबाइल डेटावर मात्र कंपनीचं इंटरनेट ज्या मोठ्या शहरातून बाहेर पडतं, तेच शहर नोंदलं जातं. त्यामुळे गडहिंग्लजच्या बाईंनी दुपारी मोबाइलवरून दिलेली ऑर्डर 'मुंबई' म्हणून चढते.

हे किती होतंय ते तपासायची सोय आहे. अॅनालिटिक्समध्ये `Explore` मध्ये जाऊन `Transaction ID` आणि `City` हे दोन रकाने शेजारी घेतले की प्रत्येक ऑर्डर नंबरपुढे त्यांच्या मते कोणतं शहर आहे ते दिसतं. ही यादी आपल्या ऑर्डरींच्या यादीला ऑर्डर नंबरावरून जोडायची आणि समोर पिनकोड ठेवायचा. आमच्या यादीत 'मुंबई' म्हणून नोंदलेल्या ऑर्डरींमध्ये सातारा, कोल्हापूर, नाशिकचे पिनकोड इतके निघाले की तो शहराचा रकाना मी हिशेबातून काढूनच टाकला.

मग पिनकोड धरून बसलो. ऑर्डरींची फाइल उतरवली की पिनकोडच्या आधी बऱ्याचदा एक अवतरणचिन्ह चिकटलेलं असतं. शीटने आकडा समजून त्याची मोडतोड करू नये म्हणून ते घातलेलं असतं. ते काढून पहिले तीन अंक वेगळे केले:

```
=LEFT(SUBSTITUTE(D2,"'",""),3)
```

दुसऱ्या पानावर तीन अंकांपुढे शहर असा छोटा तक्ता केला आणि `VLOOKUP` ने जोडला. वरच्या सूत्राचं उत्तर अक्षरांच्या रूपात येतं. त्यामुळे तक्त्यातले ४००, ४११ हेही आकडा म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवावे लागतात, नाहीतर काहीच जुळत नाही आणि माणूस उगाच तासभर डोकं खाजवत बसतो.

तीन अंकांनी बहुतेक काम होतं, सगळं नाही. ४११ म्हणजे पुणे, पिंपरी-चिंचवडही त्यातच. ४०० मध्ये मुंबईबरोबर ठाणे आणि वाशी-नेरूळ येतात, पण डोंबिवली-कल्याण ४२१ मध्ये आणि वसई-विरार ४०१ मध्ये. ४१० ला तर अर्थच लागत नाही. खारघर ४१०२१०, लोणावळा ४१०४०१ आणि चाकण ४१०५०१. आमचा स्वतःचा ४१५ साताऱ्याला आहे तसा चिपळूण-रत्नागिरीलाही आहे. ४१० आणि ४१५ साठी चौथा अंक घेतला आणि प्रश्न सुटला. डोंबिवली, विरार, पनवेल हे सगळं मी 'मुंबई परिसर' या एका नावाखाली ठेवलं. सकाळच्या लोकलमध्ये फोन बघणारा माणूस जाहिरातीच्या दृष्टीने कुठला, हे पोस्ट खात्याच्या हद्दीवरून ठरत नाही.

आता राहिला पैसे भरणारा आणि पार्सल घेणारा यांचा प्रश्न. ऑर्डरमध्ये बिलाचा पत्ता आणि पोहोचवायचा पत्ता असे दोन पिनकोड असतात. बंगळुरूच्या पत्त्यावर गेलेली पार्सलं ८४ होती. बिलाचा पत्ता बंगळुरूचा असलेल्या ऑर्डरी मात्र ११० निघाल्या. मधल्या २६ मध्ये सांगली, कोल्हापूर, बेळगाव, इचलकरंजी अशी नावं. मुलं तिकडे नोकरीला, आई-वडील इकडे. आईला आता जात्यावरचं किंवा गिरणीतलं होत नाही, म्हणून मुलगी बंगळुरूतून भाजणी मागवते आणि पार्सल सांगलीला जातं. पार्सलच्या पिनकोडवरून हिशेब केला असता तर या ऑर्डरी सांगलीच्या खात्यावर गेल्या असत्या आणि जाहिरात सांगलीत वाढवली गेली असती. जाहिरात पाहून पैसे भरणारी व्यक्ती तर बंगळुरूत बसलेली. म्हणून मी ठरवलं की जाहिरातीचं यश बिलाच्या पिनकोडवर मांडायचं आणि कुरिअरचा खर्च पार्सलच्या पिनकोडवर. घरपोच पैसे देण्याच्या, म्हणजे सीओडीच्या ऑर्डरींमध्ये दोन्ही पत्ते सहसा एकच असतात, तिथे हा गुंता नाही.

खर्चाची बाजू त्यामानाने सोपी होती, कारण थोडी तयारी आधीच करून ठेवली होती. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या अहवालात ठिकाणाप्रमाणे फोड मागितली तर `Region` म्हणजे राज्यापर्यंतच मिळते, शहर मिळत नाही. त्यामुळे डिसेंबरअखेरच शहरवार वेगळे अॅड सेट केले होते. जेवढा खर्च त्या सेटचा, तेवढा त्या शहराचा. गूगलवर शहरापर्यंतचा अहवाल मिळतो, पण ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मुळात `Presence or interest` निवडलेलं असतं. म्हणजे पुणं निवडलं तरी पुण्यात नसलेल्या, पण पुण्याबद्दल शोधणाऱ्या माणसालाही जाहिरात दिसू शकते. शहरवार हिशेब करायचा असेल तर ते `Presence` करून घ्यावं लागतं.

एवढं झाल्यावर नागपूर आणि बंगळुरू शेजारी शेजारी मांडले. आमच्याकडे मालाची किंमत आणि पॅकिंग मिळून विक्रीच्या निम्मी जाते, तेव्हा आकडेमोड सोपी आहे. जाहिरातीच्या बिलावरचा जीएसटी आम्हाला वळता मिळतो, म्हणून तो धरला नाही.

नागपूरच्या ऑर्डरी ९०, जाहिरातीचा खर्च १०,८०० रुपये. सरासरी ऑर्डर ६२० रुपयांची. त्यातल्या ७० सीओडीच्या आणि परत आलेली पार्सलं २०, सगळी सीओडीचीच. म्हणजे पोहोचलेल्या ७०, त्यावर प्रत्येकी ३१० प्रमाणे २१,७०० रुपये सुटले. कुरिअर प्रत्येकी ९० प्रमाणे नव्वदही पार्सलांचं ८,१००. परत येणाऱ्या वीसांचं परतीचं भाडं १,८००. परत आलेला खाण्याचा माल आम्ही पुन्हा विकत नाही. पाकीट उन्हात कुठल्या गोदामात किती दिवस पडलं होतं कोण जाणे. ते ६,२०० रुपये गेले. सीओडीचे पैसे गोळा करण्याचं शुल्क पन्नास ऑर्डरींवर २,०००. हे सगळं वजा जाता हातात ३,६०० राहिले आणि जाहिरात होती १०,८०० ची. तिमाहीत ७,२०० रुपये तोटा. स्क्रीनवर सगळ्यात स्वस्त दिसणारं शहर ते हेच.

बंगळुरूच्या ११० ऑर्डरींना जाहिरात लागली २२,००० ची. पण सरासरी ऑर्डर १,२५० ची, कारण तिथलं गिऱ्हाईक एकदम दोन-तीन महिन्यांचं मागवतं. सीओडी जेमतेम तेरा, परत आलेली तीन. पोहोचलेल्या १०७ वर प्रत्येकी ६२५ म्हणजे ६६,८७५ रुपये. कुरिअर सरासरी १४० प्रमाणे १५,४००, परतीचं भाडं ४२०, वाया गेलेला माल १,८७५, सीओडी शुल्क ४००. हातात राहिले ४८,७८०. जाहिरात वजा केली तरी २६,७८० रुपये शिल्लक.

वहिनींनी कॅल्क्युलेटर काढून माझे आकडे पुन्हा घातले. मग म्हणाल्या, "म्हणजे नागपूरकर ऑर्डर देऊन घेत नाहीत?" मी परतीच्या नोंदी उघडल्या. नकाराचं कारण म्हणून बहुतेक ठिकाणी 'ग्राहक उपलब्ध नाही' असंच होतं, आणि कुरिअरवाल्यांच्या या शेऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही. पण ऑर्डरपासून पार्सल दारात जाईपर्यंतचे दिवस मोजले तेव्हा चित्र स्पष्ट झालं. पुण्याला आमचं पार्सल दुसऱ्या दिवशी जातं, नागपूरला पाच-सहा दिवस लागत होते. परत आलेली जवळजवळ सगळी पार्सलं त्या उशिराच्या गटातली. सीओडीवाल्याने पैसे भरलेले नसतात, त्यामुळे सहाव्या दिवशी त्याचं काही अडलेलं नसतं. नागपूरचा प्रश्न जाहिरातीचा नव्हताच. तिथली जाहिरात थांबवण्याऐवजी आम्ही लांबच्या पिनकोडना सीओडीसाठी शंभर रुपये आगाऊ भरायची अट घातली. ऑर्डरी कमी झाल्या, हे खरं. पण परतीही इतक्या कमी झाल्या की नागपूर तोट्यातून बाहेर आलं. बजेट मात्र होतं तेवढंच ठेवलं.

पुण्याचं प्रकरण वेगळं होतं आणि मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात तेच जास्त कामाचं निघालं. पुण्याला तिमाहीत ४५,००० रुपये लागले आणि ३२० ऑर्डरी आल्या. परत येणारी पार्सलं नगण्य, कुरिअर स्वस्त. कागदावर पुणं छान दिसत होतं. पण पुण्यात आमचा माल दोन-चार दुकानांत मिळतो, वहिनी तिथल्या प्रदर्शनांना जातात आणि जुनी गिऱ्हाइकं भरपूर आहेत. ही माणसं गूगलवर आमचं नाव टाकतात, वर आमचीच जाहिरात दिसते, तिच्यावर टिचकी मारतात आणि ऑर्डर जाहिरातीच्या नावावर जमा होते. जाहिरात नसती तर त्यांनी खालच्या ओळीवर टिचकी मारली असती, एवढाच फरक.

हे तपासायचा एकच खरा मार्ग आहे. त्या शहरात जाहिरात बंद करून बघायचं. चार आठवडे पुण्यातल्या सगळ्या जाहिराती बंद ठेवल्या आणि मुंबई परिसर होता तसाच चालू ठेवला. मुंबई कशासाठी, तर त्याच आठवड्यांत सणामुळे किंवा उन्हाळ्यामुळे सगळीकडेच मागणी हलली तर ते तिथे दिसावं म्हणून. मोजताना जाहिरातीची स्क्रीन बघायची नाही. पुण्याच्या पिनकोडवरून आलेल्या एकूण ऑर्डरी मोजायच्या, कुठूनही आलेल्या.

एरवी चार आठवड्यांत पुण्याच्या शंभरेक ऑर्डरी होतात, त्या ८० झाल्या. मुंबई होती तिथेच राहिली. म्हणजे जाहिरातीमुळे येणाऱ्या ऑर्डरी वीस. चार आठवड्यांचा पुण्याचा जाहिरात खर्च सुमारे १३,८००, म्हणजे खऱ्या वाढीव ऑर्डरीमागे जवळपास ६९० रुपये. स्क्रीन सांगत होती १४०.

आता वीस हा आकडाही दगडावरची रेघ नाही. ऑर्डरींची संख्या आपोआप वर-खाली होत असते आणि साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाइतका चढउतार काही न करताही दिसतो. शंभराला तो दहाचा. खरी घट वीसऐवजी दहा असू शकते किंवा चाळीसही. म्हणून मी उलट्या बाजूने पाहिलं. जाहिरातीला सगळ्यात अनुकूल धरून घट चाळीस मानली, तरी एका ऑर्डरीला ३४५ रुपये पडतात आणि पुण्याच्या ऑर्डरीवर कुरिअर जाऊन आम्हाला २८० च्या आसपास सुटतात. तेव्हा नेमका आकडा कळला नाही तरी निर्णय बदलत नव्हता. आमचं नाव शोधणाऱ्यांसाठीची पुण्यातली जाहिरात बंद केली. 'थालीपीठ भाजणी', 'गोडा मसाला' असं नुसतं वस्तूचं नाव शोधणाऱ्यांसाठीची थोडी चालू ठेवली. एखादा स्पर्धक आमच्या नावावर जाहिरात लावू लागला तर नावाची पुन्हा चालू करावी लागेल, म्हणून आठवड्यातून एकदा मी दुसऱ्याच्या फोनवर आमचं नाव टाकून बघतो.

पुण्यातून सुटलेले पैसे बंगळुरूला न्यायचे, हे उघड होतं. पण किती? दर ऑर्डरी २०० रुपये हा तिथला सरासरी खर्च. वाढवलेल्या पैशाला त्याच भावात ऑर्डरी येतील असं धरणं धोक्याचं आहे, कारण जी माणसं सहज घेणारी असतात ती आधीच्या पैशांत येऊन गेलेली असतात. त्यासाठी पायरी-पायरीने गेलो. बंगळुरूला महिन्याला साधारण ७,३०० जात होते आणि ३७ ऑर्डरी येत होत्या. ते १२,००० केले, तेव्हा ऑर्डरी ५० झाल्या. जादा ४,७०० रुपयांत १३ ऑर्डरी, म्हणजे प्रत्येकी ३६० च्या घरात. तिथल्या ऑर्डरीवर जाहिरातीआधी आम्हाला ४४३ रुपये राहतात, तेव्हा हे परवडत होतं. पुढच्या महिन्यात १८,००० केले आणि ऑर्डरी ६१ झाल्या. जादा ६,००० रुपयांत ११, म्हणजे प्रत्येकी ५४५. इथे मात्र प्रत्येक नव्या ऑर्डरीत आम्ही शंभर रुपये घालत होतो. गंमत अशी की सरासरी तरीही २९५ च दिसत होती आणि स्क्रीनवर सगळं हिरवंगार होतं. परत १२,००० वर आणलं.

हे करताना एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवावी लागली. गूगलवर बोली आपोआप ठरवण्याची पद्धत निवडलेली असेल, तर 'या शहराला वीस टक्के जास्त' अशी टक्केवारी घालून उपयोग होत नाही, ती धरलीच जात नाही. बजेट कॅम्पेनला असतं, शहराला नसतं. म्हणून बंगळुरूचं वेगळं कॅम्पेन काढलं. पण याच नादात प्रत्येक शहराचं वेगळं कॅम्पेन आणि वेगळा अॅड सेट करू नये. फेसबुकच्या अॅड सेटला शिकून स्थिर व्हायला आठवड्याला पन्नासेक निकाल लागतात. आमच्या नागपूरला आठवड्याला सात ऑर्डरी. तिमाहीच्या हिशेबापुरता वेगळा ठेवला होता तो सेट आता नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरबरोबर एकत्र केला आहे. त्यांचं शहरवार यश पिनकोडवरून कळतंच.

मुंबई परिसराला हात लावलेला नाही. ७६,००० रुपयांत ४०० ऑर्डरी, परती बेताच्या, आणि एवढं मोठं शहर एकदम बंद करून बघायची आमची ऐपत नाही. ते करायचं झालं तर एक भाग, समजा वसई-विरारची बाजू, बंद ठेवून उरलेल्याशी ताडून पाहावं लागेल. तेही अर्धवटच, कारण विरारचा माणूस दिवसभर अंधेरीत असतो.

हैदराबादवरून वहिनींचं आणि माझं अजून जमलेलं नाही. तिमाहीत ४,००० रुपये घालून १६ ऑर्डरी आल्या, दर ऑर्डरी २५० पडले. वहिनी म्हणतात, "बंगळुरूसारखंच आहे ते, तिकडेही आपली माणसं पुष्कळ. घाला की पैसे." माझं म्हणणं, सोळा ऑर्डरींत चार-पाच इकडे-तिकडे झाल्या तर भाव दोनशेही असेल आणि साडेतीनशेही, यावरून कळत काही नाही. शेवटी असं ठरलंय की जूनपासून हैदराबादला महिन्याला पाच हजार लावायचे आणि पन्नास ऑर्डरी होईपर्यंत किंवा पंधरा हजार संपेपर्यंत तो तक्ता उघडायचा नाही. पंधरा हजारांचा आकडा वहिनींनी शीटमध्ये स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहून ठेवलाय.